आळशी म्हणा, पण चिक्कू म्हणू नका

"मामा, खरं सांगा, आपला मराठवाडा पाण्यापायी मागं राहिला का आळशीपणापायी? आणि जर्मनीत आळशाला शिवी तरी असंल का, तिकडं आळशी माणूसच नसंल." (घरच्या ग्रुपवर भाच्याचा मेसेज)

शिव्या आहेत बाबा, ढिगानं आहेत. फाउलपेल्त्स आहे, फाउलेन्सर आहे, आणि घरात सोफ्यावर लोळणारं पोरगं प्रत्येक इमारतीत एक तरी आहेच. पण भाच्यानं हे विचारलं आणि त्याच्या खाली दहा मिनिटात आमच्या घरातले सगळे पुण्या-मुंबईचे चाकरमाने गोळा झाले, हो हो, आपल्याकडं माणसं निवांतच, पारावर बसून तंबाखू मळत बसतात, पाऊस नाही तर नाही, सरकार देईल, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, आणि मग अंगठे, हसणारे चेहरे. हे लिहिणारे सगळे औसा तालुक्यातल्या त्याच गावातले, त्याच पारावर वाढलेले. माझं डोकं तिथंच फिरलं. स्टुटगार्टात राहून मला गावाचा पुळका येतो असं बायको म्हणते, म्हणू दे.

त्यात आप्पांनी भर घातली. आप्पा म्हणजे आमचे धाकटे चुलते, तहसीलमधून रिटायर, सगळ्या विषयात मत. त्यांनी लिहिलं की मराठीत आळशाला बघा किती शब्द, आळशी, कामचुकार, अंगचोर, ऐतखाऊ, आयतोबा, ऐदी, खायला काळ भुईला भार, एवढे शब्द कशाला लागले, माल होता म्हणूनच ना. आणि ऐदी हा शब्द निजामानं दिला, निजामाच्या राज्यात माणूस ऐदी झाला, म्हणून आपण मागं.

आप्पांचं अर्धं बरोबर आहे. ऐदी शब्द दरबारातूनच आलाय, पण निजामाच्या नाही, मोगलांच्या. अकबराच्या फौजेत अहदी नावाचे शिपाई होते, कुणा सरदाराच्या हाताखाली नाहीत, थेट बादशहाचे, पगार चांगला आणि कामाला बोलावणं कधीतरीच. लोकांनी बघितलं की हे खाऊन-पिऊन पडून असतात, आणि अहदीचा ऐदी झाला. म्हणजे हा शब्द रयतेनं सरकारी माणसाला दिलेला आहे, शेतकऱ्याला नाही. तहसीलमधून रिटायर झालेल्या माणसाला हे कसं सांगायचं हा वेगळा प्रश्न.

पण शब्द किती आहेत ते मोजून काय कळतं, हे मला खरंच कळेना. जर्मनमध्ये कंजुषाला शब्द मोजायला बसलं तर आपल्यापेक्षा कमी निघणार नाहीत. आणि इथं श्वाबिश बोलीत तर एक असा शब्द आहे की ऐकल्यावर मी पोट धरून हसलो होतो, एंटाक्लेम्मर. एंटं म्हणजे बदक. सकाळी बदकाला बाहेर सोडायच्या आधी जो त्याला मागून दाबून बघतो की आत अंडं आहे का, असलं तर सोडत नाही, न जाणो शेजाऱ्याच्या आवारात घालून आलं तर, तो एंटाक्लेम्मर. आपल्याकडं उष्ट्या हातानं कावळा न हाकणारा असतो, हाताला चिकटलेली शितं उडून कावळ्याला मिळतील म्हणून. दोघांना एका पंगतीला बसवलं पाहिजे, पंगत घालणार कोण एवढंच.

मी हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या, आता रिटायर आहेत, जिना झाडायची पाटी त्यांच्या दाराला असली की मला धडकी भरते, कारण पुढचा आठवडा माझा आणि त्या दिवा लावून कोपरे बघतात. त्या म्हणाल्या शब्द मोजू नकोस, हे बघ की माणूस कोणता शब्द स्वतःबद्दल हसत हसत म्हणू शकतो आणि कोणता नाही. जो हसत म्हणता येतो त्या दोषाला तो समाज भीत नाही. त्यांच्या तोंडून हे आलं तेव्हा मला पटकन पटलं, कारण श्वाबिश माणूस स्वतःला एंटाक्लेम्मर म्हणवून घेतो, त्याचे विनोद स्वतःच सांगतो. स्कॉटिश लोक म्हणजे उधळेपणापायी इथून हाकलून दिलेले श्वाबिश, हा विनोद मला पहिल्यांदा श्वाबिश माणसानंच सांगितला, आणि सांगताना छाती पुढं काढून. बल्गेरियात गाब्रोव्हो म्हणून गाव आहे, तिथल्या लोकांनी तर स्वतःच्या कंजुषीचा धंदाच केलाय, मांजराचं शेपूट कापायचं म्हणजे ते आत-बाहेर करताना दार लवकर लागतं आणि ऊब वाया जात नाही, शेपूटकापं मांजर हीच गावाची खूण, आणि 1972 साली विनोदाचं अख्खं म्युझियम काढलं. ज्या गोष्टीची लाज वाटते तिचं म्युझियम कुणी काढत नाही.

आता हीच कसोटी आपल्या गावाला लावून बघा. "मी जरा आळशीच आहे बघा" हे आमच्याकडं कुणीही म्हणतो, पाहुण्याला सांगतो, सोयरिकीत सुद्धा पोराचा बाप हसत सांगतो की पोरगं थोडं आळशी आहे, लग्न झालं की होईल सरळ. पण "आम्ही जरा चिक्कू आहोत" असं कुण्या घरानं म्हटलेलं ऐकलंय? त्या घरात कुणी पोरगी देणार नाही. गावात एका घराबद्दल, नाव घेत नाही, असं बोललं जायचं की तिथं चहा उतू जातो पण कपात येत नाही, आणि त्या घरच्या माणसानं आयुष्यभर काय काय चांगलं केलं, शाळेला जागा दिली, ते कुणाला आठवत नाही, चहा आठवतो.

आणि येळवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे पुण्याच्या लोकांसाठी, वेळ अमावस्या. आमच्या लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात. कोपी करायची, पूजा करायची, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, खीर. ज्याला शेत नाही त्याला आदल्या दिवशीच आवतण. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून बसवतात आणि तो नाही म्हणाला तर राग येतो, खरा राग. रब्बीची ज्वारी कशी आहे, विहिरीला पाणी आहे का, कर्ज किती आहे, ह्याचा आणि आंबिलीच्या डेऱ्याचा काही संबंध नाही. ज्या वर्षी काहीच पिकलं नव्हतं त्या वर्षी सुद्धा आमच्या आईनं उसन्या पिठाचे उंडे केले होते, कारण उंडे न करणं म्हणजे लोकांना सांगणं की ह्या घरात आता हात आखडलाय.

आता ह्याच्या शेजारी इथली ग्रिल पार्टी ठेवा. निमंत्रण येतं, शनिवारी चार वाजता या, कोळसा आमच्याकडं, मांस आणि सलाड आपापलं आणा. पहिल्यांदा आलं तेव्हा मला वाटलं आपल्याला वाचता येत नाहीये. आई इकडं आली होती तेव्हा तिला हे सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मग ते बोलवायलेत कशाला?

इथपर्यंत भाच्याला सांगायला माझ्याकडं मुद्दा तयार होता, की बघ, आपण आळशाला माफ करतो कारण आपली भीती वेगळी आहे, आपल्याला चिक्कूपणाची भीती आहे, आणि ती भीती चांगल्या माणसाची भीती आहे. मोठ्या झोकात लिहून खालच्या बाईंना पण सांगितलं, इंग्रजी-जर्मन मिसळून. त्या म्हणाल्या थांब. मग त्यांनी 1816 साल काढलं. इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी 1815 ला फुटला, पुढच्या वर्षी इथं उन्हाळाच आला नाही, पीक गेलं, व्युर्टेमबर्गमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ह्याच राज्यात, उपासमार झाली, माणसं देश सोडून निघाली. त्यात इथं वाटणी अशी व्हायची की सगळ्या लेकरांना जमीन सारखी, म्हणजे तीन पिढ्यात प्रत्येकाच्या वाट्याला रुमालाएवढं शेत. (हे ऐकून मला आमचा सातबारा आठवला.) 1818 साली राणी काथारिनानं गरिबांसाठी बचत बँक काढली. तेव्हापासून पै न पै ठेवणं हे इथं नुसतं शहाणपण नाही, नीतीच झाली. म्हणजे तुमचा चिक्कूपणा तो आमचा दुष्काळ, असं त्या म्हणाल्या.

मग प्रश्न असा की दुष्काळ तर आम्हीही बघितला. 1972 ला माझी आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती, सुकडी खाऊन. त्या भुकेतून आमच्याकडं बचत बँक का नाही निघाली, येळवस का टिकली? मला वाटतं, आणि हे माझंच मत आहे, की आमच्याकडं साठवून ठेवण्यासारखं काही टिकायचंच नाही. धान्याला टोका लागतो, पैसा सावकाराकडं जातो, जनावर चाऱ्याविना विकावं लागतं. टिकतं ते एकच, की अमक्यानं आपल्याला त्या साली जेवू घातलं होतं. ज्यानं खाऊ घातलं त्याला वाईट साली उसनी ज्वारी मिळते, ज्यानं दार लावलं त्याला मिळत नाही. तेव्हा ते औदार्य वगैरे आहेच, पण हिशोबही आहे, फक्त वहीत नाही. बाईंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या तुझ्या गावात ज्यांना पंगतीला बसायला जागाच नव्हती त्यांना विचारून बघ. ह्यावर मी विषय बदलला, कारण गावकुसाबाहेरच्या वस्तीतून येळवसला कोण कुठं बसायचं हे मला चांगलं आठवतंय.

ऑफिसातल्या मेक्सिकन सहकाऱ्याला विचारलं तर त्यानं भलतंच घेतलं. तो मोंतेरेचा, आणि तिकडं कंजुषाला 'कोदो' म्हणजे कोपर म्हणतात, बोलायचं पण नाही, नुसतं कोपरावर टकटक करायचं, हात वाकला की सरळ होत नाही असा. आणि अख्ख्या मेक्सिकोत कोदो कोण, तर मोंतेरेवाले. त्यानं अर्धा तास मला हेच समजावलं की हे खोटं आहे, कारखाने आम्ही काढले, हिशोब ठेवला म्हणून आम्हाला नाव ठेवतात. मी म्हटलं अरे मी तुझ्याबद्दल नाही विचारत. तो म्हणाला सगळे असंच म्हणतात. आत्याचं पण तेच झालं, ग्रुपवर चिक्कू शब्द दिसला आणि तिनं भला मोठा व्हॉइस मेसेज टाकला की मागच्या लग्नात आहेराची साडी हलकी होती हे कोण बोलायलंय ते तिला माहीत आहे. कुणीच काही बोललं नव्हतं. पण बघा ना, आळशीपणावर चार दिवस चर्चा चालली, एकालाही लागली नाही, चिक्कू म्हटल्याबरोबर आत्याला लागली.

आता आळशीपणाकडं येतो, कारण भाच्याचा खरा काटा तिथं आहे.

इथं जर्मनीत कुणी "मी आळशी आहे" असं नोकरीच्या जागी हसत म्हणून बघावं. म्हणायचं असतं मी थकलोय, मला बर्नआउट झालाय. 2001 मध्ये चान्सलर श्र्योडर पेपरात बोलले की आपल्या समाजात आळशीपणाचा अधिकार कुणालाही नाही, आणि ते डाव्या पक्षाचे, कामगारांच्या पक्षाचे. त्यानंतर बेकार भत्त्यावर निवडणुका लढल्या जातात. आणि एक शब्द बघा, टोटालफरवायगरर. पूर्वी सक्तीची लष्करी सेवा होती तेव्हा जो सैन्यात पण जायचा नाही आणि त्याच्या बदल्यातली नागरी सेवा पण करायचा नाही, सगळ्यालाच नकार, त्याला म्हणायचे टोटालफरवायगरर. 2011 मध्ये भरती थांबली, शब्द बेकार झाला. आता तोच शब्द पुढारी वापरतात बेकार भत्ता घेऊन काम नाकारणाऱ्याला. आधी ज्याला भेकड म्हणायचे त्याचा शब्द काढून आळशाला घातला. मला तर ह्या देशाची भीती कुठून कुठं सरकली ते ह्या एका शब्दात दिसतं. खालच्या बाई म्हणाल्या एवढं ताणू नकोस, नकार दोन्हीकडं आहे म्हणून शब्द उचलला असंल. असंल.

आणि आळशी कोण हे ठरवतं कोण? 2010 ला युरोचं संकट आलं तेव्हा कँटीनमध्ये रोज ऐकायला मिळायचं की ग्रीक लोक आळशी, आम्ही कमवायचं त्यांनी खायचं. आणि ओईसीडी ह्या देशांच्या संघटनेचे आकडे उघडले तर ग्रीक कामगार वर्षाला 2000 च्या आसपास तास काम करत होता आणि जर्मन 1400 च्या आसपास. बाई इथं पण थांबवतात, म्हणतात जर्मनीत अर्धवेळ काम करणाऱ्या बायका खूप आणि ग्रीसमध्ये दुकानदार-शेतकरी खूप, सरासरी अशी सरळ लावू नये. कबूल. पण आळशी हा शब्द सरासरी बघून लावला होता का? आणि गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज प्रवासी इथं यायचे आणि लिहायचे की जर्मन माणूस संथ, जड, कामाला मंद. कारखाने आले आणि तोच जर्मन मेहनती झाला. रक्त तेच, वेळापत्रक बदललं.

तर भाच्या, आता आपलं वेळापत्रक बघ. दसरा झाला, दिवाळी आली की बीडकडचे, आपल्याकडचेही, ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे मजुरी आधीच खर्च झालेली, लग्नाला नाहीतर दवाखान्याला. कोयता म्हणजे एक माणूस नाही, नवरा-बायकोची जोडी. अंधारात फडात शिरायचं, तोडायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची, ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरायची. हिशोब टनावर. बाई आजारी पडली, एक दिवस बसली, तर खाडा, म्हणजे नुसती मजुरी बुडत नाही, वरून कापतात. हे मार्च-एप्रिलपर्यंत, सांगली-कोल्हापुरात, कर्नाटकात. मग माणूस गावाकडं येतो, मे महिना, शेतात ढेकळं, विहीर कोरडी, करायला काय आहे? पारावर बसतो. आणि त्याच वेळी पुण्याहून सुट्टीला आलेला आपला चाकरमानी गाडीतून काच खाली करून बघतो आणि म्हणतो, निवांत आहेत बघा इकडं लोकं.

म्हणजे ह्या माणसानं जे काम केलं ते दुसऱ्याच्या जिल्ह्यात केलं आणि जो आराम केला तो आपल्या गावात, सगळ्यांच्या डोळ्यासमोर. साखर तिकडची, आळस आपला. ह्यापेक्षा जास्त मी भाच्याला काय सांगू.

हे सगळं मी बायकोला वाचून दाखवलं, म्हटलं कसं झालंय. ती निलंग्याची, तोंडावर बोलते. ती म्हणाली तुमची ती कसोटी बाप्यांची आहे. "मी जरा आळशी आहे" हे कोणती सून हसत म्हणू शकते? सून सकाळी सातला उठली तर गावभर होतं. आणि चिक्कूचं म्हणाल तर बाई चिक्कू असली की तिला काटकसरी म्हणतात, संसारी म्हणतात, नवरा पंगती घालणार आणि ती मागं डब्यात चार पैसे लपवणार, त्या चार पैशावर तुमची फी भरली गेली असंल. तिसरं तर विचारूच नका, भेकड माणसाला तुम्ही म्हणता काय, भागूबाई. बांगड्या भर म्हणता. म्हणजे भ्यायचं तुम्ही आणि नाव आमचं.

मी गप्प बसलो. जर्मनमध्ये तरी तसं नाही असं सांगायला तोंड उघडलं, इथं घाबरटाला आंगस्टहाझं म्हणतात, भित्रा ससा, नाहीतर वार्मडूशर म्हणतात, गरम पाण्यानं अंघोळ करणारा. मग आठवलं की त्याच पठडीत झिट्सपिंकलर आहे, बसून लघवी करणारा, आणि ते पण बाईसारखा म्हणूनच. तोंड परत बंद केलं. ह्या बाबतीत औसा आणि स्टुटगार्ट एकच तालुका.

पण भेकडपणाचं एक सांगतो. इथं लढाईतल्या शौर्याबद्दल कुणी फार बोलत नाही, कारण त्याचं काय झालं ते ह्यांनी बघितलंय. इथं ज्या हिमतीचं कौतुक होतं तिला त्सिव्हिलकुराज म्हणतात, ट्राममध्ये कुणी कुणाला त्रास देत असंल तर उठून बोलायचं, मीटिंगमध्ये साहेब चुकला तर सांगायचं. बिस्मार्कच्या नावावर एक वाक्य सांगतात की रणांगणावरचं धैर्य आमच्यात सगळ्यांकडं आहे पण चांगल्या चांगल्या माणसांकडं ही दुसरी हिंमत नसते. आपल्याकडं हे उलटं आहे का मला माहीत नाही. आपल्याकडं गावात सरपंचाला तोंडावर बोलणारे असतात, आणि तेच तहसीलमध्ये गेले की हात जोडतात. मी पण इथं तसाच आहे. नेबेनकोस्टेनचा, म्हणजे घरभाड्यावर वेगळ्या लागणाऱ्या खर्चाचा हिशोब दरवर्षी जास्त येतो, मला कळतं की जास्त आलाय, आणि मी भरून टाकतो. पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असला की माणूस आपोआप हळू बोलतो.

आणि आप्पांनी शेवटी ग्रुपवर जे लिहिलं ते इथंच येऊन लागलं. मी ऊसतोडीचं सगळं लांबलचक लिहिलं, त्यावर आप्पा म्हणाले, "एवढा पुळका आहे तर हितं राहून बोलायचं होतं, पळपुट्यानं किल्ल्याची गोष्ट सांगू नये." अंगठे आप्पांना पण आलेच.

ती कसोटी मी मग स्वतःला लावून बघितली. चिक्कू मी आता हसत म्हणतो, बदक दाबून बघण्याइतका श्वाबिश झालोय, आईला फोनवर सांगतो की बाहेर कॉफी घेत नाही, घरून थर्मास नेतो, ती कपाळाला हात लावते. आळशी आता म्हणवत नाही, गावात म्हणायचो, इथं जीभ वळत नाही, म्हणजे त्या बाबतीत मी कुठला झालो ते दिसतंच आहे. आणि पळपुटा? ओळीनं तीन साली सोयाबीन गेलं, वडील म्हणाले जा, मी गेलो. धाकटा भाऊ राहिला, जमीन तो करतो, आईचं औषधपाणी तो बघतो, मी पैसे पाठवतो. हे मी कितीतरी जणांना कितीतरी पद्धतीनं सांगितलंय, संधी होती, शिक्षण होतं, त्या काळात सगळेच जात होते. हसत कधीच सांगितलेलं नाही.

भाऊ ग्रुपवर सहसा बोलत नाही. आप्पांच्या मेसेजखाली त्यानं रात्री लिहिलं, "आप्पा, पळायला बी पैसा लागतो, त्येच्याकडं होता, माझ्याकडं असता तर मी बी गेलो असतो." आता ह्यात त्यानं माझी बाजू घेतली का मला सुनावलं, मला अजून कळलेलं नाही. फोन तर आठवड्याला होतो, तूर कशी आहे, मजूर मिळतात का, आईचं शुगर किती, सगळं बोलतो. हे विचारायची माझी टाप नाही.